पोस्टच्या वेळेने रीच बदलते का? साध्या शीटवर आठ आठवड्यांत तपासण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं इन्स्टाग्रामवर छोटं पेज चालवणाऱ्यांसाठी आहेत: घरगुती व्यवसाय, वाचनालय, ट्रेकिंग ग्रुप, शिकवणी. आठवड्याला दोन फोटो किंवा कॅरोसल पोस्ट टाकणं जमत असेल आणि गुगल शीट उघडता येत असेल, तर एवढ्यावर ही तपासणी होते.

वेळेचा परिणाम होतो हे सगळेच सांगतात. मग तपासायचं काय उरतं?

परिणाम किती होतो आणि तुमच्या पेजवर होतो का, हे उरतं. इन्स्टाग्रामचं फीड पूर्वी सरळ वेळेच्या क्रमाने दिसायचं. नवी पोस्ट वर, जुनी खाली. तेव्हा लोक जागे असताना पोस्ट टाकणं याला थेट अर्थ होता. २०१६ पासून कंपनीने फीडचा क्रम बदलला आणि कोणाला काय आवडेल या अंदाजावर पोस्ट वर-खाली होऊ लागल्या. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२१ मध्ये हा क्रम कसा लागतो ते लिहून समजावलं. त्यात पोस्ट कधी टाकली आहे, ही माहिती विचारात घेतली जाते असं आहे, पण ती अनेक गोष्टींपैकी एक आहे.

म्हणजे वेळेचा काही परिणाम असणं शक्य आहे, पण तो लहान असू शकतो. अडचण इथेच आहे. एकाच वेळी टाकलेल्या स्वतःच्या दहा जुन्या पोस्टची रीच ओळीने लिहून पाहा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात दुपटीचा फरक दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. वेळ तीच, पेज तेच, तरी दुप्पट. फोटो, विषय, कोणी शेअर केलं, यांची ही उलथापालथ आहे. तिच्या आड वेळेचा दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज लपतो, आणि नसलेला फरक दिसूही लागतो. पुढची सगळी पद्धत या एका अडचणीसाठी आहे.

माझ्याकडे वर्षभराच्या पोस्ट आहेत. सकाळच्या आणि रात्रीच्या पोस्टची सरासरी काढली तर काम होणार नाही का?

नाही, कारण त्या पोस्टच्या वेळा तुम्ही निवडल्या होत्या. मेहनत घेतलेली पोस्ट आपण निवांतपणे रात्री टाकतो, आणि ‘आज दुकान बंद आहे’ अशी पोस्ट घाईत सकाळी जाते. सरासरी काढल्यावर रात्र जिंकते, पण जिंकलेली असते मेहनत. शिवाय वर्षभरात फॉलोअर्स वाढलेले असतात. सुरुवातीला सकाळी पोस्ट टाकत असाल आणि नंतर रात्रीची सवय लागली असेल, तर फॉलोअर्सची वाढ वेळेच्या खात्यात जमा होते.

जुन्या पोस्टचा उपयोग वर सांगितला तेवढाच: आपल्या पेजवर आकडे किती उड्या मारतात ते पाहणं.

इन्साइट्समध्ये फॉलोअर्स कधी ऑनलाइन असतात त्याचा आलेख दिसतो. तो पुरेसा नाही का?

तपासायच्या दोन वेळा निवडायला तो उत्तम आहे. उत्तर म्हणून तो चालत नाही. लोक ऑनलाइन आहेत म्हणजे तुमची पोस्ट त्यांना दिसली असं होत नाही. त्याच तासात इतर पेजेसही पोस्ट टाकत असतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी प्रेक्षक जास्त आणि चढाओढही जास्त. या दोहोंतून तुमच्या वाट्याला काय येतं ते आलेखात नाही.

किती वेळा तपासायच्या आणि किती आठवडे?

दोनच वेळा, आठ आठवडे, आठवड्याला दोन पोस्ट. एकूण सोळा.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, मध्यरात्र असं सगळंच एकदम तपासायचा मोह होतो. पण सोळा पोस्ट पाच वेळांत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला तीन येतात, आणि तीनपैकी एखादी पोस्ट चालली की ती वेळ पहिली येते. त्यापेक्षा एकमेकींपासून दूर असलेल्या दोन वेळा घ्या, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि रात्री ९. सकाळी ८ आणि सकाळी ९ यांत फरक असला तरी तो या पद्धतीने सापडणार नाही.

आठ आठवडे का, ते निकालाच्या प्रश्नात स्पष्ट होईल.

वार कसे लावायचे, आणि कोणती पोस्ट कोणत्या वेळेला जाईल हे कोणी ठरवायचं?

वार मंगळवार आणि शुक्रवार धरू. विषम आठवड्यात मंगळवारी सकाळी ८ आणि शुक्रवारी रात्री ९. सम आठवड्यात उलट: मंगळवारी रात्री ९ आणि शुक्रवारी सकाळी ८. त्यामुळे दोन्ही वेळांना चार मंगळवार आणि चार शुक्रवार मिळतात. वाराचा काही परिणाम असेल तर तो दोन्हीकडे सारखा वाटला जातो. यात अजून एक सोय आहे. दोन पोस्टमध्ये नेहमी दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर राहतं, म्हणून एक पोस्ट मोजून होण्याआधी दुसरी तिच्या वाटेत येत नाही. या आठ आठवड्यांत फीडवर तिसरी पोस्ट टाकू नका. स्टोरी टाकायला हरकत नाही, पण एक पोस्ट स्टोरीवर शेअर केलीत तर दुसरीही करा.

आता पोस्टची निवड. आठवड्याच्या दोन्ही पोस्ट रविवारी एकत्र तयार ठेवा आणि त्या एकाच जातीच्या असू द्या. दोन्ही पाककृती, किंवा दोन्ही मालाचे फोटो. एक कॅरोसल आणि एक साधा फोटो अशी जोडी लावू नका. कॅप्शन, हॅशटॅग सगळं पूर्ण झाल्यावर नाणं उडवा. छापा पडला तर पहिली पोस्ट सकाळी, काटा पडला तर रात्री.

नाणं कशाला, मी निष्पक्षच आहे, असं अनेकांना वाटतं. पण रात्र चांगली असा आपला आधीच ग्रह असेल तर चांगला फोटो नकळत रात्रीसाठी राखला जातो. शेतीच्या प्रयोगांत हाच पेच होता. शेताच्या एका कोपऱ्याची माती कसदार असते, आणि नवं वाण तिथेच पेरलं तर वाण चांगलं की माती, हे कळत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात यावर रीत बसवली: शेताचे छोटे गट पाडायचे, प्रत्येक गटात सगळी वाणं पेरायची, आणि गटाच्या आत कोणतं वाण कुठे हे चिठ्ठीने ठरवायचं. आपल्याकडे आठवडा हा गट आहे आणि नाणं ही चिठ्ठी.

नाण्याने ठरलं की दोन्ही पोस्ट `Meta Business Suite` मधून शेड्यूल करून टाका. हाताने टाकायचं म्हटलं की आठाचे पावणेनऊ होतात.

शीटमध्ये कोणते रकाने हवेत?

पहिल्या टॅबचं नाव ‘पोस्ट’ ठेवा. एका पोस्टला एक ओळ. रकाने असे: A आठवडा, B तारीख, C वार, D वेळ (फक्त ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’), E विषय, F ४८ तासांची रीच, G फॉलोअर्सचा वाटा, H शेरा. D मध्ये कधी ‘सकाळ’, कधी ‘सकाळी’ असं लिहिलं गेलं की सूत्र ती ओळ गाळतं आणि शून्य दाखवतं. म्हणून तिथे ड्रॉपडाउन लावून घ्या.

दुसरा टॅब ‘आठवडे’. A मध्ये १ ते ८, B मध्ये सकाळची रीच, C मध्ये रात्रीची, D मध्ये रात्र भागिले सकाळ. दोन्ही टॅबमध्ये आठवड्याचा क्रमांक एकाच प्रकारच्या अंकांत लिहा. दुसऱ्या ओळीतली सूत्रं अशी:

```
B2: =SUMIFS('पोस्ट'!F:F,'पोस्ट'!A:A,A2,'पोस्ट'!D:D,"सकाळ")
C2: =SUMIFS('पोस्ट'!F:F,'पोस्ट'!A:A,A2,'पोस्ट'!D:D,"रात्र")
D2: =C2/B2
```

ती नवव्या ओळीपर्यंत ओढा. बेरजेचं सूत्र असलं तरी आठवड्यात प्रत्येक वेळेची एकच पोस्ट आहे, म्हणून ते तोच आकडा उचलून आणतं.

वजाबाकी न करता भागाकार घेतला त्याला कारण आहे. फॉलोअर्स वाढले की रीचचे आकडेही फुगतात, आणि १०० चा फरक पहिल्या आठवड्यात मोठा, आठव्यात किरकोळ ठरतो. गुणोत्तर मात्र आठवड्याआठवड्यांत ताडून पाहता येतं.

रीच नेमकी कधी वाचायची?

पोस्ट पडल्यावर बरोबर ४८ तासांनी. मंगळवारी सकाळी ८ ची पोस्ट गुरुवारी सकाळी ८ ला, शुक्रवारी रात्री ९ ची रविवारी रात्री ९ ला. फोनवर गजर लावा आणि आकडा दिसताच स्क्रीनशॉट घ्या, कारण रीच पुढे सरकत राहते.

रविवारी निवांत बसून दोन्ही आकडे एकदम उतरवणं सर्वांत सोयीचं, आणि सगळी मेहनत वाया घालवणारं. मंगळवारच्या पोस्टला तोवर पाच दिवस मिळालेले असतात आणि शुक्रवारच्या पोस्टला दोन. मग पोस्टचं वय मोजलं जातं, वेळ नाही.

२४ किंवा ४८ तासच का, १२ का नाही? सकाळी ८ च्या पोस्टचे पहिले १२ तास लोक जागे असताना जातात. रात्री ९ च्या पोस्टच्या पहिल्या १२ तासांत झोपेचे सात-आठ तास येतात. १२ तासांनी मोजलं तर सकाळ जिंकल्यासारखी दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रात्र तिला गाठेल. पूर्ण दिवसाच्या पटीत मोजलं की दोन्ही पोस्टना तितक्याच सकाळी आणि तितक्याच रात्री मिळतात.

आकडा `Accounts reached` चा घ्या, म्हणजे पोस्ट किती वेगळ्या खात्यांना दिसली तो. `Views` मध्ये एकाच माणसाने तीनदा पाहिलं तर तीन धरले जातात. कॅरोसलमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. फॉलोअर्स आणि इतर अशी टक्केवारी तुमच्या अ‍ॅपमध्ये व्ह्यूजची दिसते की रीचची, ते एकदा पाहून घ्या आणि G मध्ये शेवटपर्यंत तेच मोजमाप लिहा.

आठ आठवडे झाले. निकाल कसा वाचायचा?

एक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातलं घरगुती कांदा-लसूण मसाल्याचं पेज आहे असं समजा. आकडे पद्धत दाखवण्यापुरते घेतले आहेत.

| आठवडा | सकाळ | रात्र | रात्र ÷ सकाळ |
|---|---|---|---|
| १ | ६१० | ७४० | १.२१ |
| २ | ५८० | ६९० | १.१९ |
| ३ | ६५५ | १४८० | २.२६ |
| ४ | ५४० | ५०५ | ०.९४ |
| ५ | ६०० | ६५५ | १.०९ |
| ६ | ७२० | ६९० | ०.९६ |
| ७ | ५६५ | ६४० | १.१३ |
| ८ | ६३० | ६७५ | १.०७ |

सरासरी काढली तर सकाळ ६१२ च्या आसपास आणि रात्र ७५९. रात्री २४ टक्के जास्त, असं कोणीही लिहून टाकेल. आता तिसरा आठवडा पाहा. त्या रात्री मटणाच्या रश्श्याची पोस्ट एका मोठ्या खाद्य-पेजने शेअर केली, आणि हे शेऱ्याच्या रकान्यात नोंदवलेलं आहे. ती एक ओळ सगळी सरासरी ओढून नेते. म्हणून सरासरीऐवजी गुणोत्तरांचा मध्यक, म्हणजे आकडे लहान-मोठे लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्या:

```
=MEDIAN(D2:D9)
```

उत्तर १.११ येतं. म्हणजे नेहमीच्या आठवड्यात रात्रीचा फायदा ११ टक्क्यांच्या आसपास.

पण हा ११ टक्के तरी खरा आहे का? त्यासाठी किती आठवडे रात्र जिंकली ते मोजा. आठपैकी सहा. आता विचार असा करायचा: वेळेने काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक आठवड्याचा विजेता छापा-काट्यासारखाच ठरला असता. नाणं आठदा उडवलं तर सहा किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता किती?

```
=2*(1-BINOMDIST(5,8,0.5,TRUE))
```

उत्तर ०.२९. (सूत्रातला ५ म्हणजे जिंकलेले सहा वजा एक.) फरक नसतानाही असा निकाल शंभरात २९ वेळा दिसला असता. एवढ्यावर रात्र चांगली असं मी म्हणणार नाही. आठपैकी सात आले असते तर हा आकडा ७ टक्के झाला असता, आणि आठही आले असते तर एक टक्क्याहून कमी. आठ आठवडे घेण्याचं कारण हे आहे: एक आठवडा उलटा गेला तरी निकाल बऱ्यापैकी टिकतो. सहाच आठवडे घेतले आणि त्यातला एक उलटला, तर हीच शक्यता २२ टक्क्यांवर जाते.

आता G रकाना पाहा. वेळेचा परिणाम असेल तर तो आधी फॉलोअर्समध्ये दिसायला हवा, कारण तेच त्या तासाला फीड उघडून बसलेले असतात. समजा तिसऱ्या आठवड्यात फॉलोअर्सची रीच सकाळी ४३० आणि रात्री ४५० निघाली. मग वरच्या हजारभर लोकांपैकी बहुतेक त्या शेअरमुळे आले. घड्याळाचा त्यात हात नाही.

मग तो तिसरा आठवडा काढूनच टाकला तर?

मध्यक घेतला की काढायची गरज उरत नाही, कारण त्याला २.२६ आणि १.३ सारखेच. आकडा पाहून ओळ काढण्याची सवय लागली की हळूहळू नावडत्या ओळी निघू लागतात.

काढण्याचे नियम सुरू करण्याआधी शीटच्या वर लिहून ठेवा आणि त्यात रीचचा उल्लेख नको. उदाहरणार्थ: पोस्ट ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांहून जास्त हलली, पोस्टला बूस्ट केलं, किंवा इन्स्टाग्राम बंद पडलं, तर तो पूर्ण आठवडा रद्द. एकच ओळ नाही, जोडीच रद्द, आणि शेवटी एक आठवडा वाढवायचा. वाढवलेल्या आठवड्याला रद्द झालेल्या आठवड्याचाच वार-क्रम द्या, म्हणजे मंगळवार-शुक्रवारचा समतोल बिघडत नाही.

पहिले तीनही आठवडे रात्रच जिंकली. आता थांबू का?

थांबू नका. तीनदा नाणं उडवलं तर तिन्ही वेळा एकच बाजू येण्याची शक्यता २५ टक्के आहे. वरच्या तक्त्यातही पहिले तीन आठवडे रात्रीचेच होते आणि चौथ्याला वारं फिरलं. मनासारखा निकाल दिसला की थांबायचं, नाही तर चालू ठेवायचं, असं केलं तर कधी ना कधी मनासारखं दिसतंच. जमलं तर ‘आठवडे’ हा टॅब आठवा आठवडा संपेपर्यंत उघडूच नका.

मध्ये सण आला तर?

गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा टाळून तपासणी लावा. एखादाच सण आठवड्यात येत असेल, जसा मंगळवारी पाडवा, तर तो आठवडा वगळणार हे आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी सकाळी आठला लोक गुढी उभारत असतात आणि फीड शुभेच्छांनी भरलेलं असतं. मंगळवार-शुक्रवारची तुलना तिथे उरत नाही.

रील्ससाठी हीच पद्धत चालेल?

अर्धवट. रील प्रामुख्याने फॉलोअर नसलेल्यांपर्यंत जाते आणि कधी कधी आठवडाभर शांत राहून मग पळते. ४८ तासांचा आकडा तिथे फारसं सांगत नाही, आणि सात दिवस थांबलात तर पुढची रील आधीच आलेली असते. शिवाय रील्सचे आकडे फोटोपेक्षा कितीतरी जास्त उड्या मारतात. रील्स तपासायच्याच असतील तर वेगळी फेरी लावा, फोटोंमध्ये मिसळू नका, आणि सोळा पोस्टमध्ये स्पष्ट उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

फरक सापडला नाही तर सगळी मेहनत फुकट गेली का?

सापडला नाही, याचा अर्थ मोठा फरक बहुधा नाही. वेळ बदलून रीच दुप्पट होत असती तर आठ आठवड्यांत ती लपली नसती. पाच-दहा टक्क्यांचा फरक असू शकतो, पण तो सोळा पोस्टमध्ये पकडता येत नाही. अशा वेळी जी वेळ तुमच्या कामात बसते ती ठेवा. मसाला विकणाऱ्या बाईंना सकाळी भट्टी पेटवायची असेल तर रात्री ९, आणि मेसेजला उत्तरं सकाळी देणं सोपं जात असेल तर सकाळी ८. निकाल सीमेवर असेल, म्हणजे आठपैकी सहा, तर आणखी आठ आठवड्यांची दुसरी फेरी लावा आणि तिचा निकाल स्वतंत्र वाचा. पहिल्या फेरीने रात्रीकडे बोट दाखवलं आणि दुसरीनेही दाखवलं, तर त्यावर वेळ ठरवायला मी तयार आहे.

माझे बरेच फॉलोअर्स अमेरिकेत आणि दुबईत आहेत. त्यांचं काय?

आधी इन्साइट्समध्ये देशांची टक्केवारी पाहा. नव्वद टक्के भारतातलेच असतील तर हा प्रश्न सोडून द्या. अमेरिकेतला वाटा मोठा असेल तर ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ या नावांवर जाऊ नका. आपल्या रात्री ९ ला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि आपल्या सकाळी ८ ला तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, त्यामुळे तिथल्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आठ आठवड्यांच्या मध्यात यातला एखादा रविवार आला तर तुमची रात्री ९ तीच राहते, पण त्यांची वेळ एका तासाने सरकते आणि आधीचे आणि नंतरचे आठवडे सारखे राहत नाहीत. तारखा ठरवताना कॅलेंडरवर हे दोन रविवार आधी खुणावून ठेवा आणि फेरी त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे लावा.